'करण्याच्या दृष्टीने', 'असल्याच्या कारणामुळे': कुठे कापायचं आणि कुठे हात आवरायचा

प्रश्न: मी माहितीपर लेख आणि सूचना लिहिते. इंग्रजीत 'इन ऑर्डर टू' आणि 'ड्यू टू द फॅक्ट दॅट' काढून टाका असं सगळेच सांगतात. माझ्या मराठीत तसंच 'करण्याच्या दृष्टीने', 'असल्याच्या कारणामुळे' फार येतं. पण ते काढलं की वाक्य तुटक वाटतं, कधी कधी तर अर्थच बदलतो. नेमकं काय काढू आणि काय ठेवू?

उत्तर:

वाक्य तुटतं ते शब्द कमी झाले म्हणून नाही, काप चुकीच्या जागी बसला म्हणून. आणि अर्थ बदलतो तेव्हा बहुतेक वेळा भरीच्या शब्दांबरोबर क्रियापदाचाही एखादा तुकडा गेलेला असतो. त्यामुळे आधी हे शब्द वाक्यात कुठे बसलेले असतात ते नीट पाहू.

इंग्रजीत 'ड्यू टू' च्या पुढे नाम लागतं, अख्खं वाक्य जोडता येत नाही. म्हणून मध्ये 'द फॅक्ट' हे नाम घालावं लागतं आणि त्याला पुढचं वाक्य टांगावं लागतं. मराठीला ही गरजच नाही. आपलं 'मुळे' क्रियापदाच्या रूपाला थेट चिकटतं: असल्यामुळे, झाल्यामुळे, न आल्यामुळे. 'असल्या' हे रूपच आधीचं सगळं वाक्य गुंडाळून नामासारखं हातात देतं. तिथे 'कारण' हे नाम मध्ये घालणं म्हणजे बांधलेल्या गाठोड्यावर दुसरी गाठ मारणं. आणि 'मुळे' चा अर्थच 'या कारणाने' असल्यामुळे 'कारणामुळे' मध्ये एकच गोष्ट दोनदा येते.

'इन ऑर्डर टू' चंही तसंच. इंग्रजीतला नुसता 'टू' दहा कामं करतो, म्हणून हेतू स्पष्ट करायला कधी कधी 'इन ऑर्डर' ची मदत लागते. मराठीत 'करण्यासाठी' म्हटलं की हेतू सांगून झाला. त्यामुळे इंग्रजीत हा शब्दसमूह काही वेळा तरी उपयोगी पडतो. आपल्याकडे 'करण्याच्या दृष्टीने' ला हेतू सांगण्यापुरतं काहीच काम उरत नाही.

आता कापायची जागा. 'असल्याच्या कारणामुळे' चे तीन तुकडे पाडा: 'असल्या', 'च्या कारणा', 'मुळे'. मधला तुकडा उचला आणि दोन टोकं जोडा, 'असल्यामुळे' तयार. डावीकडचं रूप जसंच्या तसं राहतं, कारण 'च्या' ला जे सामान्यरूप लागतं तेच 'मुळे' आणि 'साठी' लाही लागतं. नामांचंही असंच: 'पावसाच्या कारणामुळे' चं 'पावसामुळे', 'अडचणींच्या कारणास्तव' चं 'अडचणींमुळे'. अनेकवचनात 'णीं' वरचा अनुस्वार जपा. जोडताना तो हमखास गळतो आणि 'अडचणीमुळे' होऊन अनेक अडचणींची एकच अडचण होते. हेतूच्या बाजूला शेवटचा 'ने' उपयोगाचा नसतो, म्हणून 'करण्याच्या दृष्टीने', 'करण्याच्या उद्देशाने', 'करण्याच्या हेतूने' यांतलं 'च्या' पासूनचं सगळं काढून तिथे 'साठी' जोडायचं. जोडायचं म्हणजे खरोखर जोडायचं. 'करण्या साठी' असं तोडून लिहिणं चूक आहे.

म्हणजे काप 'च्या' पासून उजवीकडे. 'च्या' च्या डावीकडे हात लावायचा नाही. तुमचा अर्थ बदलतो तो बहुधा इथेच. हे वाक्य पाहा:

> वीजपुरवठा वारंवार खंडित होत असल्याच्या कारणामुळे यंत्रे बंद ठेवली आहेत.

छोटं करायच्या घाईत याचं 'वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे' होतं. वाक्य आटोपशीर झालं खरं, पण आता वीज एकदाच गेली असं वाटतं. मूळ वाक्यात ती येत-जात होती. काप 'च्या' वर ठेवला असता तर 'वारंवार खंडित होत असल्यामुळे' मिळालं असतं आणि काहीच हरवलं नसतं. 'होणार असल्याच्या कारणामुळे' चंही असंच: त्यातला 'होणार' गेला की उद्याची गोष्ट काल घडून गेल्यासारखी वाचली जाते. काळ, सातत्य, नकार, शक्यता हे सगळं 'च्या' च्या डावीकडे राहतं. तिथलं काही कमी करायचं असेल तर तो वेगळा निर्णय आहे, पाल्हाळ कापताना ओघात घ्यायचा नाही.

हेतूच्या वाक्यात एक पायरी आणखी खाली उतरता येतं. 'यंत्राची तपासणी करण्याच्या उद्देशाने' चं 'यंत्राची तपासणी करण्यासाठी' झालं, आणि त्याचंही पुढे 'यंत्राच्या तपासणीसाठी' होऊ शकतं. तपासणी, मोजणी, दुरुस्ती, छपाई ही नामं मुळातच क्रियेची नावं आहेत, म्हणून 'करणे' गेलं तरी क्रिया जागेवर राहते. पण 'अर्ज करण्यासाठी ओळखपत्र लागेल' चं 'अर्जासाठी ओळखपत्र लागेल' केलं की प्रश्न पडतो: ओळखपत्र अर्ज करणाऱ्याने दाखवायचं की त्याची प्रत अर्जाला जोडायची? अर्ज ही क्रियाही आहे आणि कागदही. शब्दाला असे दोन अर्थ असतील तर 'करण्यासाठी' वरच थांबा. तो एक शब्द वाचवून वाचकाच्या डोक्यात एक शंका घालण्यात फायदा नाही.

कर्ता बदलतो तिथे 'साठी' पेक्षा 'म्हणून' जास्त मोकळं बसतं. 'सर्वांना वेळेत माहिती मिळण्याच्या दृष्टीने यादी आधीच लावली आहे' यात यादी लावणारा एक, माहिती मिळणारे दुसरे. 'मिळण्यासाठी' चुकीचं नाही, पण 'सर्वांना वेळेत माहिती मिळावी म्हणून यादी आधीच लावली आहे' हे कुणी बोलेल तसं आहे, आणि हेतू 'मिळावी' या विध्यर्थी रूपात ऐकूही येतो. नकारी हेतू असेल तर मी जवळजवळ नेहमी हीच रचना घ्यायला सांगेन. 'चूक न होण्याच्या दृष्टीने' चं 'चूक न होण्यासाठी' करू नका, 'चूक होऊ नये म्हणून' करा. 'न होण्यासाठी' वाचताना वाचक क्षणभर अडतो, आणि तुटकपणाची तुमची तक्रार बऱ्याचदा अशाच जागांवरून येते.

तुटकपणाचं दुसरं कारण लांबी. भरीचे शब्द वाक्यात एक काम नकळत करत असतात: दोन लांब तुकड्यांमध्ये ते श्वास घ्यायला जागा देतात. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'मुळे' येईपर्यंत वाचकाने कारण धरून ठेवायचं आणि शेवटच्या क्रियापदापर्यंत परिणामाची वाट पाहायची. मधली जागा काढून टाकली की दोन्ही तुकडे एकमेकांवर आदळतात. यावर उपाय म्हणजे काढलेले शब्द परत घालणं नाही. वाक्याचा सांधा बदलायचा. कारण सांगणारा तुकडा दहा-बारा शब्दांहून लांबला किंवा त्यात आणखी एक उपवाक्य आलं, तर 'मुळे' सोडा आणि वाक्य दोन करा:

> नव्या नोंदवहीत जुन्या सभासदांचे क्रमांक बदलले असल्याच्या आणि काहींचे पत्ते अपुरे असल्याच्या कारणामुळे पत्रे परत येत आहेत.

> नव्या नोंदवहीत जुन्या सभासदांचे क्रमांक बदलले आहेत आणि काहींचे पत्ते अपुरे आहेत. त्यामुळे पत्रे परत येत आहेत.

किंवा उलट: 'पत्रे परत येत आहेत, कारण…'. कुठला क्रम घ्यायचा हे वाचकाला आधीपासून काय ठाऊक आहे त्यावर ठरवा. पत्रं परत येतायत हे त्याला माहीत असेल तर ते आधी सांगा आणि नवं म्हणजे कारण, ते शेवटी ठेवा. त्याला काहीच माहीत नसेल तर कारणाकडून परिणामाकडे जाणं सोपं पडतं. शब्दसंख्या दोन्हीकडे साधारण सारखीच राहते, आणि राहू द्या. कमी शब्द हे काही स्वतंत्र बक्षीस नाही. वाचकाने मागे वळून परत वाचू नये एवढंच आपल्याला हवं असतं.

एक लहानसा नादाचा मुद्दा. 'ल्याने' आणि 'ल्यामुळे' अर्थाने जवळजवळ सारखेच आहेत आणि 'ल्याने' आखूड आहे, म्हणून बरेच जण तोच निवडतात. पण कर्त्यालाही 'ने' लागतो. 'समितीने अहवाल उशिरा दिल्याने अध्यक्षाने मुदत वाढवली' यात तीन 'ने' लागोपाठ येतात आणि कोणता 'ने' कर्त्याचा, कोणता कारणाचा, हे डोळ्याला वेगळं करावं लागतं. इथे 'दिल्यामुळे' घ्या. एक अक्षर जास्त, पण वाचन सरळ.

आता ठेवायच्या जागा, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा अवघड अर्धा भाग. 'दृष्टी', 'उद्देश', 'कारण' हे शब्द प्रत्येक वेळी भरीचे नसतात. कधी कधी तेच वाक्याचा आशय असतात.

'रुग्णांच्या दृष्टीने ही वेळ गैरसोयीची आहे' यात हेतू कुठेच नाही. इथे दृष्टी म्हणजे खरोखर कुणाची तरी नजर आहे. 'रुग्णांसाठी' म्हटलं तरी चालेल, पण मग आपण आपलं मत सांगतो आहोत की त्यांच्या बाजूने बघतो आहोत हा फरक थोडा पुसट होतो. 'फसवणूक करण्याच्या उद्देशाने कागदपत्रे बदलली' यातला 'उद्देश' तर अजिबात काढू नका. 'फसवणूक करण्यासाठी' ने वाक्य सांगतं तेवढंच, पण कायद्याच्या किंवा चौकशीच्या मजकुरात उद्देश ही वेगळी सिद्ध करायची बाब असते. शब्द वाक्यात राहिला तरच तो मुद्दा डोळ्यांसमोर राहतो. असा मजकूर तुमच्याकडे आला आणि तो कुणा जाणकाराने घासूनपुसून लिहिलेला असला, तर पाल्हाळ वाटला तरी विचारल्याशिवाय कापू नका.

'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा' मध्येही कारण हाच मुद्दा आहे: कारण आहे, पण सांगायचं नाही. 'वैयक्तिकमुळे' असं होऊच शकत नाही, त्यावरूनच कळतं की इथे शब्द भरीचा नाही. 'सुरक्षेच्या कारणास्तव प्रवेश बंद' हे मात्र फसवं आहे. सवयीने 'सुरक्षेमुळे प्रवेश बंद' केलं तर सुरक्षेनेच अडचण केल्यासारखं ऐकू येतं. शब्द 'कारण' असला तरी इथे आत हेतू आहे, म्हणून 'सुरक्षेसाठी प्रवेश बंद'. आणि 'प्रकृतीच्या कारणास्तव अनुपस्थित' चं 'प्रकृतीमुळे' होत नाही, 'प्रकृती बरी नसल्यामुळे' होतं. शब्द वाढला, अर्थ उघड झाला. हाही सौदा बरोबर आहे. म्हणून 'कारण' दिसलं की 'मुळे' लावा असा सरधोपट नियम करू नका. आधी स्वतःला विचारा: हे आधी घडलं म्हणून दुसरं झालं, की दुसरं घडावं म्हणून हे केलं? पहिलं असेल तर 'मुळे', दुसरं असेल तर 'साठी' किंवा 'म्हणून'.

हाच प्रश्न 'अनुषंगाने' आणि 'संदर्भात' या शब्दांनाही लागू पडतो, आणि तिथे उत्तर अनेकदा तुमच्याकडे नसतं. 'तक्रारीच्या अनुषंगाने पाहणी केली' म्हणजे तक्रार आली म्हणून पाहणी केली, की तक्रार खरी आहे का ते तपासायला केली, की पाहणी चालूच होती आणि तक्रारीचा विषय त्यात आला? तिन्ही शक्यता त्या एका शब्दाखाली झाकलेल्या आहेत. मजकूर स्वतःचा असेल तर त्यातली एक निवडा. दुसऱ्याचा असेल तर त्याला विचारा. अंदाजाने कापलं तर तुम्ही त्याच्या वाक्याला त्याने न दिलेला अर्थ देता.

नकाराच्या वाक्यांत एक सापळा आहे, तो नीट बघण्यासारखा आहे.

> निधी नसल्यामुळे प्रकल्प रद्द केला नाही.

याचे दोन अर्थ होतात. एक: प्रकल्प चालूच आहे, आणि तो रद्द न करण्याचं कारण निधीचा अभाव (समजा रद्द करायलाच भरपाई द्यावी लागते). दुसरा: प्रकल्प रद्द झाला, पण कारण निधी नव्हता, वेगळंच होतं. मोठ्याने वाचताना 'नसल्यामुळे' वर जोर देऊन दुसरा अर्थ काढता येतो; कागदावर जोर दिसत नाही. 'निधी नाही या कारणासाठी प्रकल्प रद्द केलेला नाही, तो रद्द केला कारण…' असं लिहिलं तर 'या कारणासाठी' हे शब्द कामाचे ठरतात, कारण नकार नेमका कारणाला लावायचा आहे हे तेच दाखवतात. मुख्य क्रियापद नकारी असेल तर कापण्याआधी दोन्ही अर्थ मनात म्हणून पाहा.

आता एक पूर्ण सूचना घेऊ, म्हणजे हे सगळं एकत्र कसं वापरायचं ते दिसेल.

> ग्रंथालयातील पुस्तकांची मोजणी करण्याच्या उद्देशाने ग्रंथालय येत्या सोमवारपासून तीन दिवसांच्या कालावधीकरिता बंद ठेवण्यात येणार आहे. मागील वर्षी मोजणीची प्रक्रिया पूर्ण होऊ न शकल्याच्या कारणामुळे काही पुस्तकांच्या नोंदींमध्ये तफावत आढळून आलेली आहे, या वस्तुस्थितीमुळे यंदा सर्व सभासदांकडे असलेली पुस्तके परत येणे आवश्यक आहे. तरी सभासदांनी पुस्तके वेळेत परत करण्याच्या दृष्टीने शनिवारपर्यंत सहकार्य करावे.

शब्द 52. पहिल्या वाक्यात 'मोजणी करण्याच्या उद्देशाने' चं थेट 'मोजणीसाठी' होतं, कारण मोजणी हे क्रियेचंच नाव आहे. 'ग्रंथालयातील' जातं, ग्रंथालय पुढे येतंच आहे आणि दुसऱ्या कुणाची पुस्तकं ते मोजणार नाही. 'तीन दिवसांच्या कालावधीकरिता' चं 'तीन दिवस'. दिवस म्हणजेच कालावधी. 'बंद ठेवण्यात येणार आहे' चं 'बंद राहील', कारण कोण बंद ठेवणार याला इथे महत्त्व नाही.

दुसऱ्या वाक्यात थोडं सावकाश जा. 'मोजणीची प्रक्रिया' मधली 'प्रक्रिया' जाते. 'होऊ न शकल्याच्या कारणामुळे' मध्ये 'च्या' वर कापलं तर 'होऊ न शकल्यामुळे' उरतं. 'शकणे' ठेवायचं का? त्यातून प्रयत्न झाला होता, काहीतरी आडवं आलं, असं सूचित होतं. सभासदांना त्याचं काही देणंघेणं नाही, म्हणून सूचनेत 'पूर्ण न झाल्याने' पुरेल. हाच मजकूर वरिष्ठांना द्यायच्या अहवालात असता तर 'शकल्यामुळे' ठेवलं पाहिजे, कारण तिथे काम केलंच नाही आणि काम होऊ शकलं नाही यांतला फरक विचारला जातो. 'तफावत आढळून आलेली आहे' म्हणजे 'नोंदी जुळत नाहीत'.

'या वस्तुस्थितीमुळे' हे 'ड्यू टू द फॅक्ट दॅट' चं सरळ भाषांतर. इथे त्याच्या जागी 'म्हणून' येतं आणि दोन वाक्यांचा सांधा तसाच घट्ट राहतो. 'सर्व' ची जागाही बदलायला हवी. मूळ वाक्यात तो सभासदांना चिकटला आहे. अभिप्रेत आहे ते असं की प्रत्येकाकडची सगळी पुस्तकं यायला हवीत. नाहीतर एक पुस्तक परत करून दुसरं घरी ठेवणारा सभासद आपण सूचना पाळली असंच समजेल. 'सर्व' पुस्तकांच्या शेजारी ठेवला की शंका मिटते.

शेवटचं वाक्य या सूचनेतलं सगळ्यात बिघडलेलं आहे, आणि ते 'च्या' वर कापूनही दुरुस्त होत नाही. 'परत करण्यासाठी शनिवारपर्यंत सहकार्य करावे' असं केलं तर शब्द कमी होतात, दोष तसाच राहतो. सभासदाने करायची गोष्ट आहे पुस्तक परत करणं; पण वाक्यात ती हेतू होऊन मागे गेली आहे आणि मुख्य क्रियापदाच्या जागी 'सहकार्य' बसलं आहे. सहकार्य शनिवारपर्यंत कसं करायचं असतं? सूचना आणि विनंतीच्या मजकुरात भरीचे शब्द सर्वांत जास्त नुकसान असं करतात: सांगायची कृती 'दृष्टीने' मध्ये गाडली जाते. म्हणून 'च्या दृष्टीने' च्या आधी आलेलं क्रियापद हेच सांगायचं क्रियापद आहे का हे प्रत्येक वेळी तपासा. असेल तर त्यालाच वाक्याच्या शेवटी न्या:

> पुस्तकांच्या मोजणीसाठी ग्रंथालय येत्या सोमवारपासून तीन दिवस बंद राहील. मागच्या वर्षी मोजणी पूर्ण न झाल्याने काही पुस्तकांच्या नोंदी जुळत नाहीत, म्हणून यंदा सभासदांकडची सर्व पुस्तके परत यायला हवीत. सभासदांनी आपल्याकडची पुस्तके शनिवारपर्यंत परत करावीत.

शब्द 34. 'वेळेत' गेला कारण 'शनिवारपर्यंत' हीच वेळ आहे. 'तरी' ही गेला. आता आधीच्या वाक्यातूनच विनंती ओघाने येते. सूचना औपचारिकच राहिली आहे, हेही पाहा. औपचारिकपणा 'करावीत' या रूपातून आणि प्रमाण शब्दांतून येतो, 'उद्देशाने' मधून नाही. संस्थेच्या ठराविक नमुन्यात 'ठेवण्यात येणार आहे' असंच लिहायचा दंडक असेल तर ते तेवढं ठेवा, बाकीचं तरी कापता येतं.

काम करताना हे शब्द डोळ्यांनी शोधू नका, निसटतात. आपण लिहिलेलं वाचताना आपल्याला अर्थ आधीच माहीत असतो, म्हणून नजर यांच्यावरून घसरते. मजकूर पूर्ण झाल्यावर `Ctrl+F` ने एकेक शोधा. 'कारण' शोधू नका, 'कारणा' शोधा: मग कारणाने, कारणामुळे, कारणास्तव, कारणासाठी हे सगळे सापडतात आणि निरुपद्रवी एकटं 'कारण' वगळलं जातं. 'दृष्टीने', 'उद्देशाने', 'हेतूने', 'वस्तुस्थिती', 'अनुषंगाने' हे पुढचे. 'दृष्टीने' दीर्घ टीनेच शोधा. 'दृष्टिकोनातून' मध्ये टि ऱ्हस्व आहे, म्हणून ते वेगळं शोधावं लागतं.

पण सगळे एकदम बदलणारं बटण दाबू नका. 'ण्याच्या दृष्टीने' च्या जागी 'ण्यासाठी' असा एकगठ्ठा बदल दिला की 'करण्याच्या दृष्टीने', 'वाचण्याच्या दृष्टीने' सगळे छान बदलतात. आणि त्यांच्याबरोबर 'पाण्याच्या दृष्टीने हा भाग संपन्न आहे' चं 'पाण्यासाठी हा भाग संपन्न आहे' होतं, कारण 'पाण्याच्या' चा शेवटही तोच आहे. एकेक सापडेल तसं थांबा, 'मुळे' की 'साठी' हे ठरवा, आणि पुढे जा.

एक चूक मात्र कापून झाल्यावर नव्याने जन्माला येते, ती शेवटच्या वाचनात पकडा. 'विलंबाचे कारण यंत्र बंद पडल्याच्या कारणामुळे आहे' असं अवघडलेलं वाक्य कापून 'विलंबाचे कारण यंत्र बंद पडल्यामुळे आहे' होतं. मधला 'कारण' गेला, पण सुरुवातीचा राहिला, आणि 'कारण… मुळे आहे' ही जोडी व्याकरणातच बसत नाही. दोघांपैकी एकच ठेवा: 'यंत्र बंद पडल्यामुळे विलंब झाला', किंवा 'विलंबाचे कारण यंत्रातला बिघाड'. 'त्यामुळे म्हणून', 'यासाठी म्हणून' याही अशाच जोड्या. 'मुळे', 'साठी' किंवा 'म्हणून' दिसला की त्याच वाक्यात त्याचा दुसरा भाऊबंद आहे का ते पाहा, आणि असेल तर वाक्याच्या शेवटाला जो नीट जुळतो तोच ठेवा.